खरेदीखतातील चतुःसीमा जागेवर जुळत नाहीत. प्लॉट नेमका कोणता समजावा?

शिंपले

वडिलांनी १९९६ साली एक बिनशेती प्लॉट खरेदी केला होता. तेव्हापासून तो मोकळाच पडून आहे. आता कुंपण घालायचे ठरवले असताना खरेदीखतातील वर्णन आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ बसत नसल्याचे लक्षात आले. दस्ताच्या परिशिष्टातील संबंधित मजकूर येथे जसाच्या तसा देत आहे. गावाचे नाव आणि गट नंबर मुद्दाम गाळले आहेत.

"...यातील मंजूर रेखांकनातील प्लॉट नंबर १७, क्षेत्र २१६ चौरस मीटर, लांबी-रुंदी पूर्व-पश्चिम १२ मीटर व दक्षिणोत्तर १८ मीटर, यांसी चतुःसीमा: पूर्वेस प्लॉट नंबर १८, दक्षिणेस ९ मीटर रुंदीचा रस्ता, पश्चिमेस प्लॉट नंबर १६, उत्तरेस प्लॉट नंबर २४. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत, तदंगभूत वस्तूंसह व जाण्या-येण्याच्या वहिवाटीच्या हक्कासह."

आम्ही इतकी वर्षे जो प्लॉट आपला समजत होतो, त्याच्या पश्चिमेला रस्ता आहे आणि दक्षिणेला रस्ता नाही. त्याच रेखांकनात राहणारे एक गृहस्थ आता ठामपणे सांगतात की, दस्तात दक्षिणेस रस्ता लिहिला असल्यामुळे आमचा प्लॉट पलीकडच्या ओळीत आहे. ते दाखवतात त्या मोकळ्या प्लॉटच्या दक्षिणेस खरोखरच रस्ता आहे, परंतु माझ्याकडील नकाशाच्या झेरॉक्सवर त्या जागी ३१ हा आकडा दिसतो. अशा वेळी प्लॉट नंबरावर विश्वास ठेवावा की चतुःसीमेवर?

पानगळ

याचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. क्षेत्र किंवा नंबर आणि चतुःसीमा यांत विसंगती आली, तर चतुःसीमा ग्राह्य धरतात. आमच्या घरच्या दाव्यात वकिलांनी हाच मुद्दा मांडला होता आणि तो मान्य झाला. तेव्हा दक्षिणेस रस्ता असलेला प्लॉट तुमचा, मग त्यावर नकाशात कोणताही आकडा असो.

अर्धविराम

दक्षिणेस रस्ता असलेला प्लॉट लोक वास्तुशास्त्राच्या भीतीने सोडून देतात. येथे एक गृहस्थ तो दुसऱ्याला आग्रहाने देऊ करत आहेत. त्यांचा स्वतःचा प्लॉट कोणता आहे, हे आधी विचारून घ्यावे.

माळरान२

एवढा विचार करण्याचे कारण नाही. सातबारा ऑनलाइन काढा, त्यावर तुमचा प्लॉट आणि त्याच्या हद्दी समजतील. आमच्या शेताचे सगळे सातबाऱ्यावरूनच कळले.

शंकूसाखळी

माळरान२, सातबाऱ्यावर धारकाचे नाव, क्षेत्र, आकार, इतर हक्क आणि पिकांची नोंद असते. चतुःसीमा त्यावर नसतात. जमीन कोणाची आणि किती, हे सातबारा सांगतो. ती कोठे आहे, हे नकाशा सांगतो. शेताच्या बाबतीत गट नंबर कळला की गावनकाशावर तो गट सापडतो, म्हणून आपल्याला सातबाऱ्यावरून सगळे कळल्यासारखे वाटले असेल. रेखांकनातील प्लॉटचे तसे नसते.

आता मूळ प्रश्न. मी मोजणी खात्यात नोकरी केली असून आता निवृत्त आहे. शिंपले यांच्या दस्तातील वर्णन चुकीचे असले, तरी निरुपयोगी मुळीच नाही. चतुःसीमेतील प्रत्येक ओळीत दोन गोष्टी असतात: एक दिशा, आणि त्या दिशेला काय आहे. लोक दिशेला घट्ट धरतात आणि शेजार सैल सोडतात. वाचताना याच्या उलट करावे. दिशांवर क्षणभर बोट ठेवून केवळ शेजार वाचा: १८, रस्ता, १६, २४. या चारही गोष्टींना एकाच वेळी लागून असलेला प्लॉट रेखांकनात कोणता आहे? तसा एकच प्लॉट निघत असेल, तर तुमचा प्लॉट तोच. ३१ नंबरच्या भोवती कोणते आकडे आहेत, तेही पाहून येथे लिहा.

दुसरे असे की, शेजारांचा क्रम पाहा. दस्तातील वर्णन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वाचले, तर २४, १८, रस्ता, १६ असा क्रम येतो. जागेवर उभे राहून त्याच दिशेने फिरत शेजार मोजा. क्रम तोच राहिला आणि फक्त सुरुवात एका घराने सरकली, तर दस्त लिहिणाऱ्याने नकाशा आडवा धरला होता. क्रमच उलटा झाला, तर मात्र प्रकरण वेगळे आहे.

शिंपले

३१ च्या भोवती ३०, ३२ आणि मागे ४० असे आकडे आहेत. १६, १८ किंवा २४ यांपैकी एकही नाही. १६, १८ आणि २४ या तिन्हींना लागून असलेला प्लॉट फक्त १७ आहे. जागेवर १७ च्या उत्तरेस १६, पूर्वेस २४, दक्षिणेस १८ आणि पश्चिमेस रस्ता अशी स्थिती आहे. माझ्या झेरॉक्समध्ये उत्तर दिशेचा बाण कोठेच दिसत नाही. कागदाचा वरचा डावा कोपरा झेरॉक्स काढताना कापला गेला आहे.

शंकूसाखळी

मग उलगडा झाला, असे म्हणता येईल. जागेवरचा क्रम उत्तरेपासून १६, २४, १८, रस्ता असा येतो. तो पूर्वेपासून वाचून पाहा: २४, १८, रस्ता, १६. दस्तातला क्रम अक्षरशः हाच आहे, फक्त दस्त तो उत्तरेपासून सुरू करतो. म्हणजे दस्ताची उत्तर ही जागेवरची पूर्व आहे, दस्ताची पूर्व ही दक्षिण आहे, दस्ताची दक्षिण ही पश्चिम आहे आणि दस्ताची पश्चिम ही उत्तर आहे. चारही दिशा सारख्याच, पाव वळणाने फिरल्या आहेत.

असे का होते, तेही सांगतो. रेखांकनाचा कागद लांबट असतो आणि गटाचा आकार कागदावर नीट बसावा म्हणून नकाशा काढणारा तो फिरवून काढतो. उत्तर कोणती, हे तो कोपऱ्यातील बाणाने दाखवतो. तुमच्या कागदावर बाण डावीकडे टोक करून असणार. दस्त लिहिणाऱ्याने बाण पाहिला नाही आणि कागदाची वरची बाजू उत्तर धरली. कागदावर १७ च्या खाली रस्ता आहे, म्हणून त्याने दक्षिणेस रस्ता लिहिला.

याची आणखी एक खूण तुमच्या दस्तातच आहे. त्यात पूर्व-पश्चिम १२ मीटर आणि दक्षिणोत्तर १८ मीटर लिहिले आहे. जागेवर रस्त्याकडची बाजू मोजा. रस्ता पश्चिमेला असल्यामुळे ती बाजू दक्षिणोत्तर जाते. ती १२ मीटर भरली आणि आत जाणारी खोली १८ मीटर भरली, तर मापेही दिशांबरोबर फिरली आहेत. दिशा, शेजार आणि मापे एकाच वळणाने चुकली असतील, तर ती एकच चूक असते. प्रत्येक गोष्ट वेगळ्या तऱ्हेने चुकली असेल, तर मात्र दस्तच दुसऱ्या प्लॉटच्या वर्णनावरून उतरवला आहे का, अशी शंका घ्यावी.

पानगळ

पण मग चतुःसीमा प्रबळ हा नियम कोठे गेला? आपण तर चतुःसीमा बाजूला ठेवून नंबराला प्रमाण मानत आहात.

वहिवाट

पानगळ, नियम आहे, परंतु तो आपण समजता त्यापेक्षा थोडा अरुंद आहे. मी दिवाणी वकिली करते, म्हणून लिहिते. चतुःसीमा प्रबळ मानण्याचे कारण असे की, क्षेत्र आणि नंबर हे कागदावरचे आकडे असतात व ते लिहिताना चुकणे सोपे असते. शेजारची विहीर, रस्ता किंवा दुसऱ्याचे शेत मात्र जागेवर दाखवता येते. म्हणून चतुःसीमा आधी जागेवर स्पष्टपणे सापडल्या पाहिजेत. येथे दस्तातील चारही सीमा लिहिल्याबरहुकूम पाळणारी जागा पृथ्वीच्या पाठीवर नाही. ३१ नंबर चारपैकी फक्त एक सीमा पाळतो, तीही नावापुरती. उलट १७ नंबर चारही शेजार पाळतो आणि त्याच्याशी नंबरही जुळतो, क्षेत्रही जुळते. तेव्हा आपण चतुःसीमा टाकून देत नसून चतुःसीमेतील जो भाग जागेवर सापडतो, तो धरत आहोत.

सर्वोच्च न्यायालयाचा १९६१ चा एक निकाल या विषयात नेहमी पुढे येतो. त्यात प्लॉट नंबर १०६० ऐवजी १६० असा पडला होता, परंतु खाते, क्षेत्र आणि चतुःसीमा १०६० शीच जुळत होत्या. न्यायालयाने ही वर्णनातील चूक मानली. मिळकतच दुसरी, असे मानले नाही. तेथे नंबर चुकला होता, येथे दिशा चुकल्या आहेत. पाहण्याची रीत मात्र तीच आहे: वर्णनाचे सगळे भाग एकत्र ठेवायचे आणि बहुतेक भाग कोणत्या एकाच जागेकडे बोट दाखवतात, ते पाहायचे.

काठावरचा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यात विचारतो. आमच्या शेतीच्या जुन्या खरेदीखतात पूर्वेस अमुक पाटलांची जमीन, पश्चिमेस नाला, असे लिहिले आहे. पाटलांच्या वारसांनी ती जमीन कधीच विकली. नाल्यानेही मधल्या काळात पात्र बदलले आहे. शिवाय दस्तात सर्व्हे नंबर आहे आणि आता सगळीकडे गट नंबर चालतात. आमच्यासारख्यांनी शेजार कसे वाचायचे?

शंकूसाखळी

काठावरचा, आपल्याकडे शेजार दस्ताच्या तारखेला कोण होता, हे शोधावे लागेल. आज त्या बाजूला जो गट आहे, त्याचा सातबारा घेऊन त्यावरील फेरफार क्रमांकांवरून मागे मागे जा. फेरफारांच्या साखळीत ते पाटील तुमच्या दस्ताच्या काळात सापडले, तर पूर्वेकडचा शेजार पक्का झाला. सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांची सांगड एकत्रीकरण योजनेच्या पत्रकात मिळते, कारण जमिनींचे गट १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली पाडले गेले. गट पाडताना एका सर्व्हे नंबरचा तुकडा दुसऱ्याच्या गटात गेला असेल, तर केवळ नंबराला नंबर जोडून भागत नाही. क्षेत्रही जुळवून पाहावे लागते.

नाल्याचे मात्र खात्रीने सांगता येत नाही. आजच्या पात्राला हद्द धरू नका, एवढेच म्हणतो. जुन्या गावनकाशावर तो कोठे दाखवला आहे, ते आधी पाहा.

वहिवाट

नाल्याबद्दल शंकूसाखळी यांच्याशी थोडा मतभेद नोंदवते. पात्र हळूहळू सरकले की एका पुरात बदलले, यावर कायद्यातील परिणाम बदलतो. जुना नकाशा पाहावाच, परंतु तो शेवटचा शब्द ठरेल असे समजू नये. यासाठी वेगळा धागा काढावा.

चौथा कोन

मूळ प्रश्नाकडे येतो. प्लॉट १७ हाच, हे ठरले. पण जागेवर १७ नंबर नेमका कोठून सुरू होतो? आमच्या ओळीत आठ प्लॉट आहेत आणि प्रत्येकाची रस्त्याकडची बाजू १२ मीटर. म्हणजे ओळ ९६ मीटर हवी. दोन आडव्या रस्त्यांच्या मध्ये टेप धरली, तर ९४.८ मीटरच भरते. ज्यांनी आधी बांधकाम केले, त्यांनी आपापले १२ मीटर पुरे घेतले. शेवटी राहिलेल्या आमच्या प्लॉटला १०.८ मीटर उरले. दस्त प्रत्येकाचा बरोबर आहे, जमीन मात्र कमी आहे.

शंकूसाखळी

हा प्रकार फार ठिकाणी दिसतो, म्हणून शिंपले यांनीही कुंपणाआधी तो तपासावा. शेजाऱ्याच्या भिंतीपासून टेप लावून १२ मीटर मोजणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत धोक्याची पद्धत आहे, कारण ती भिंत स्वतः हद्दीवर आहे, हे आपण न तपासता गृहीत धरतो. मोजणीची सुरुवात अशा खुणेपासून करावी, जी कोणाही एका प्लॉटधारकाने उभी केलेली नाही. मूळ गटाच्या हद्दीचे दगड शाबूत असतील तर उत्तम. ते नसतील, तर रेखांकनातील दोन रस्ते जेथे मिळतात तो कोपरा घ्यावा, मात्र रस्त्याची रुंदी दोन-तीन ठिकाणी मोजून घ्यावी. ९ मीटरचा रस्ता जागेवर ८ मीटर भरत असेल, तर कोणीतरी रस्त्यात आले आहे आणि तो कोपरा विश्वासाचा नाही.

त्यानंतर एकट्या १७ नंबरची नव्हे, तर संपूर्ण ओळीची बेरीज जुळवावी. चौथा कोन यांना पडलेली १.२ मीटरची तूट मुळात कोठे आहे, हे ओळ पुरी मोजल्याशिवाय कळणार नाही. कदाचित आडवा रस्ताच जास्त रुंद झाला असेल. मग जमीन कमी नाही, ती रस्त्यात गेली आहे.

चौथा कोन

आणि ओळच मुळात कमी निघाली, तर तूट कोणी सोसायची?

शंकूसाखळी

त्याचे एका वाक्यात उत्तर माझ्याकडे नाही. मोजणी अधिकारी हद्द दाखवतो, तूट वाटून देत नाही.

अर्धविराम

थोडक्यात, शेवटच्या माणसाने शेवटी कुंपण घालू नये.

शिंपले

काही माहिती जमा झाली आहे. मंजूर रेखांकनाची प्रमाणित प्रत मिळाली. तिच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण आहे आणि त्याचे टोक डावीकडे आहे. जागेवर रस्त्याकडची बाजू १२ मीटर आणि खोली १८ मीटर भरते.

शिवाय १८ आणि २४ या दोन्ही प्लॉटधारकांनी आपापली खरेदीखते पाहू दिली. १८ नंबरचा दस्त आमच्याच दस्तलेखकाच्या हातचा आहे. त्यात पूर्वेस १९, पश्चिमेस १७ आणि दक्षिणेस रस्ता लिहिले आहे; म्हणजे तेथेही दिशा तशाच फिरल्या आहेत. २४ नंबरचा दस्त बऱ्याच वर्षांनंतरचा आणि दुसऱ्या कोणी लिहिलेला आहे. त्यात मात्र पश्चिमेस प्लॉट नंबर १७ असे स्वच्छ लिहिले आहे, आणि जागेवर तसेच आहे.

वहिवाट

२४ नंबरचा दस्त आपल्याला फार उपयोगी आहे. आपल्या दस्तातील चूक तर १८ च्या दस्तावरून समजतेच, परंतु १७ नंबर कोठे आहे, हे अशा एका व्यक्तीच्या दस्तात बरोबर लिहिलेले आहे, जिचा आपल्या प्लॉटवर काहीही दावा नाही. दोन्ही दस्तांच्या प्रमाणित प्रती नोंदणी कार्यालयातून काढून ठेवा. शेजारी आज कागद दाखवतात. पुढे प्लॉट विकले गेले की नव्या मालकांना त्याची गरज वाटेलच असे नाही.

माळरान२

मग आता चूक दुरुस्ती लेख करून घ्यायचा की हेच पुरेसे आहे? प्लॉट तर सिद्ध झाला.

वहिवाट

माझ्या मते करून घ्यावा. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम २१ मध्ये मिळकत ओळखता येईल इतके वर्णन दस्तात असण्याची अपेक्षा आहे. हा दस्त त्या कसोटीला उतरेल असे मला वाटते, कारण गट, रेखांकन, प्लॉट नंबर आणि शेजार त्यात आहेत. परंतु पुढे प्लॉट विकताना किंवा कर्ज घेताना बँकेचा वकील जागेवर येऊन चार दिशा पाहील आणि हाच प्रश्न पुन्हा विचारील. चूक दुरुस्ती लेखावर मूळ विक्रेत्याची किंवा त्याच्या वारसांची सही लागते. ते तयार नसतील, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २६ खाली दस्तदुरुस्तीचा दावा करता येतो, पण तेथे मुदतीचा आणि खर्चाचा विचार आधी करावा.

शंकूसाखळी

मी क्रम थोडा बदलेन. आधी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा आणि मोजणीचा नकाशा हातात आल्यावर दुरुस्ती लेख करावा. नाहीतर दिशा दुरुस्त होतील आणि मापात काही फरक निघाला, तर पुन्हा दुसरा लेख करावा लागेल. अर्जासोबत रेखांकनाची प्रमाणित प्रत जोडावी. तसेच प्लॉटची स्वतंत्र नोंद झाली आहे का, हे आधी तपासावे. सातबारा अजून सर्वांच्या नावे सामाईक असेल, तर मोजणी अडकते.

वहिवाट

विक्रेते वयस्कर असतील, तर मी मोजणीसाठी थांबणार नाही. आज सही देणारा माणूस आणि उद्या त्याचे विखुरलेले वारस यांत फार फरक असतो.

शिंपले

विक्रेते हयात आहेत आणि याच जिल्ह्यात राहतात, असे कळले आहे. प्लॉटची स्वतंत्र नोंद आहे. दुरुस्ती लेखात फक्त दिशा बदलून लिहाव्यात की लांबी-रुंदीही?

वहिवाट

दोन्ही, आणि जुना मजकूर गाळून नव्हे, तर तो पुरा उद्धृत करून. म्हणजे "मूळ दस्तात पूर्वेस प्लॉट नंबर १८, दक्षिणेस ९ मीटर रुंदीचा रस्ता, पश्चिमेस प्लॉट नंबर १६, उत्तरेस प्लॉट नंबर २४ असे नजरचुकीने लिहिले गेले, त्याऐवजी पूर्वेस प्लॉट नंबर २४, दक्षिणेस प्लॉट नंबर १८, पश्चिमेस ९ मीटर रुंदीचा रस्ता, उत्तरेस प्लॉट नंबर १६ असे वाचावे, तसेच पूर्व-पश्चिम १८ मीटर व दक्षिणोत्तर १२ मीटर असे वाचावे, प्लॉट नंबर व क्षेत्र यांत कोणताही बदल नाही." शेवटचे वाक्य मुद्दाम घालावे, म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली दुसरीच मिळकत दिली गेली, असा आक्षेप कोणी घेऊ शकणार नाही. मंजूर रेखांकनाची प्रत बाणासकट जोडावी.

चौथा कोन

१८ नंबरच्या मालकांनाही हे सांगितले का? त्यांच्या दस्तातही रस्ता दक्षिणेस आहे, आणि आता आपल्या दुरुस्तीनंतर दोन शेजारी दस्त एकमेकांशी जुळणार नाहीत.

शिंपले

सांगितले आहे. ते म्हणतात की त्यांचे घर बांधून झाले आहे, त्यामुळे त्यांना दुरुस्तीची गरज वाटत नाही.